मदत हवी आहे: नोकरी गेल्याचा मेसेज ओळखीच्यांना कसा लिहू?

चाकणवासी_८६:
मागच्या महिन्यात कंपनीने आमचा अर्धा विभाग कमी केला, त्यात मीही. जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "काही कारणास्तव नवीन संधीच्या शोधात आहे. क्वालिटीतला ९ वर्षांचा अनुभव. काही असल्यास कळवा." ११ अंगठे आले, दोघांनी ऑल द बेस्ट म्हटलं. बस. चुकतंय कुठे?

सुमेधा_के:
नोकरी गेली हे लिहूच नका, "स्वतःहून सोडली" म्हणा. आणि एकेकाला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर कोणी मनावर घेत नाही.

जुना_फोरमन:
दुसरं बरोबर, पहिलं नाही. चाकणमध्ये ही बातमी दोन दिवसांत सगळ्या गेटवर पोचते. खरा घोळ "क्वालिटी" या शब्दात आहे. इनवर्ड, लाईन, कस्टमर एंड, सप्लायर, यातलं तुम्ही नेमकं काय बघता?

चाकणवासी_८६:
सप्लायर क्वालिटी. प्रेस पार्ट आणि वेल्डिंग. पीपॅप, ऑडिट, रिजेक्शन आलं की सप्लायरकडे जाऊन बसणं. मागे एका ब्रॅकेटचं भोक सरकत होतं, सप्लायर पत्र्याला दोष देत होता. डाय उघडायला लावली तर लोकेटिंग पिन झिजलेला.

जुना_फोरमन:
हा पिनच लिहा की! मी असं लिहिलं असतं:

"कंपनीने विभाग कमी केला, त्यात माझी नोकरी गेली. ९ वर्षं प्रेस पार्ट आणि वेल्डिंगची सप्लायर क्वालिटी बघितली. (इथे पिनचं एक वाक्य.) कास्टिंग केलेलं नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव चालेल. लगेच रुजू होऊ शकतो. तुमच्याकडे सप्लायर क्वालिटी कोण बघतं, एवढं नाव कळवाल का?"

"काही असल्यास" याला उत्तर काय देणार? नाव मात्र स्टोअरमधला माणूसही सांगतो. "लगेच रुजू" गाळू नका, बाकीच्यांना दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. आणि कोणी रेफर करणार असेल तर त्याआधी त्या कंपनीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज टाकू नका. नाव आधीच सिस्टीममध्ये असेल तर बऱ्याच ठिकाणी रेफरल धरत नाहीत.

नितीन_भोसरी:
माझं फुल अँड फायनल चार महिने अडकलंय, त्याचं काय करू?

सुमेधा_के:
नितीन, वेगळा धागा काढा हो. चाकणवासी, अपेक्षित पगारही टाका, दोघांचा वेळ वाचेल.

जुना_फोरमन:
मी नाही टाकणार. पहिल्याच मेसेजमध्ये आकडा दिला की तोच धरून बसतात.

चाकणवासी_८६:
पगार गाळून सहा जणांना वेगवेगळा पाठवला. एकाने रांजणगावच्या क्वालिटी हेडचं नाव दिलं, उद्या फोन करतो. दुसऱ्याने विचारलं, "कास्टिंग येत नाही हे कशाला लिहिलंस?" ते ठेवू का काढू? आणि त्या ग्रुपवर माझ्याबरोबर नोकरी गेलेले तिघं याच कामातले आहेत. रांजणगावचं त्यांना सांगू का आधी माझा फोन होऊ दे?