सेमिस्टरच्या नोट्स तोडून पुन्हा जोडाव्यात का?

समिधा: लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि व्हायब्रेशन्स, तिन्हींच्या नोट्स लेक्चरवार आहेत. ऑब्सिडियनमध्ये एका कल्पनेला एक नोट, बॅकलिंक्स आणि प्रत्येक विषयाची अनुक्रमणिका असं करायचं मनात आहे. परीक्षेआधी हात घालावा का?

कंपास: घाला, पण सगळं तोडू नका. दोन विषयांत भेटणाऱ्या कल्पनाच आधी वेगळ्या काढा. तुमच्याकडे ती आयगेनव्हॅल्यू आहे. नोटचं नाव नुसतं 'आयगेनव्हॅल्यू' नको, विधान असू द्या: 'सगळ्या आयगेनव्हॅल्यू ऋण असतील तर उकल शून्याकडे जाते'. आत एकच उदाहरण घ्या. x'' + 3x' + 2x = 0 ला मॅट्रिक्सचं रूप दिलं की λ² + 3λ + 2 = 0 येतं, म्हणजे λ = -1 आणि -2. व्हायब्रेशन्समध्ये हीच डॅम्पिंग असलेली स्प्रिंग: हलवून सोडली तरी झोके न घेता थांबते. तिन्ही अनुक्रमणिकांतून या एकाच नोटला लिंक द्या, आणि प्रत्येक लिंकसोबत ती का दिली ते लिहा:

```
[[सगळ्या आयगेनव्हॅल्यू ऋण असतील तर उकल शून्याकडे जाते]] - डॅम्पिंग जास्त असताना झोके का नाहीत
```

बॅकलिंकच्या पट्टीत लिंकभोवतीचा मजकूर दिसतो. तिथे फक्त 'पाहा' असेल तर महिन्याने काहीच आठवणार नाही.

सलग_वही: मला हे पटत नाही. पेपरात सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मागतात. तुकडे केले की एका पायरीवरून दुसरी का आली, तेच हरवतं.

कंपास: सिद्धता तोडायचीच नाही, ती अख्खी एका नोटमध्ये राहू दे. एक नोट म्हणजे एक विधान. ते दोन ओळींचं असेल किंवा दोन पानांचं. उलट, नोट वाचताना दर ओळीला दुसरी उघडावी लागली तर जास्त तुकडे झालेत असं समजा आणि परत जोडा.

टिपणकार: अनुक्रमणिकेत वेळ का घालवायचा? बॅकलिंक्स आपोआप येतात, ग्राफही दिसतो.

कंपास: बॅकलिंक्स आपोआप येतात, बरोबर. पण ग्राफमध्ये आधी काय, नंतर काय हे कळत नाही. अभ्यासाचा क्रम अनुक्रमणिकेतच राहतो, म्हणून ती हाताने लिहायची.

जुनी_पानं: मी इतिहासाची. एका उठावाची कारणं वेगवेगळ्या नोटांत टाकली, तर प्रत्येक कारण एकेकटंच पुरेसं वाटायला लागलं. आता उठावाची नोट सलग ठेवते. व्यक्ती आणि कायदे तेवढे वेगळे.

सलग_वही: इतिहासातही शेवटी सलगच ठेवावं लागलं ना! समिधा, पेपर तोंडावर असेल तर ती एक आयगेनव्हॅल्यूची नोट करा आणि बाकीचा वेळ गणितं सोडवा. लिंक लावताना अभ्यास होतो असं वाटतं, पण हात गणितावर बसत नाही.

कंपास: पेपर तोंडावर असेल तर मान्य. पण 'हे कुठे कुठे लागतं' हे त्या लिंकच्या ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहिणं हाही अभ्यासच आहे, यावर मी ठाम आहे.