मदत हवी आहे: ग्राफवर मुलगी वर चढतेय, पण सेंटिमीटरमधली तूट तेवढीच. यातलं खरं काय मानायचं?

सायली_आई
आमची मुलगी दत्तक आहे. दोन वर्षांची असताना घरी आली. त्याआधी तिला बराच काळ पुरेसं खायला मिळालं नव्हतं आणि जुलाबही वारंवार झाले होते. तेव्हा तिची उभी उंची ७८ सेंमी होती. आता पाच वर्षं पूर्ण झाली आणि उंची १०१.८ आहे. डॉक्टर म्हणाले, "छान भरून काढतेय, रेषांच्या वर सरकतेय." घरी येऊन मी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधली उंची पाहिली. दोन वर्षांच्या मुलीची ८५.७, पाच वर्षांच्या मुलीची १०९.४. म्हणजे तेव्हा ती ७.७ सेंमीने मागे होती आणि आज ७.६ ने. तीन वर्षांत एक मिलिमीटर! मग भरून काय निघालं? मोठेपणी तिची उंची किती होईल, आणि झिंक किंवा प्रोटीन पावडर सुरू करू का? जन्मदात्या आईवडिलांची उंची माहीत नाही.

दिगंत
सोपा हिशोब आहे. दोन वर्षांच्या उंचीची दुप्पट म्हणजे मोठेपणीची उंची. ७८ दुणे १५६. पहिल्या दोन वर्षांत जे गेलं ते गेलं, त्यानंतर काही फरक पडत नाही असं वाचलं आहे.

रानजाई
ताई, वजन किती आहे? मुलगी बारीक असेल तर आधी वजन वाढवा. अंगाला लागलं की उंची आपोआप येते. माझ्या भाचीचं असंच झालं.

सायली_आई
वजन तिच्या उंचीच्या मानाने अगदी ठीक आहे. बारीक नाही, बुटकी आहे. प्रश्न उंचीचाच आहे.

मंदार_बालवाढ
मी मुलांच्या वाढीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतो. सायलीताई, तुमची वजाबाकी बरोबर आहे आणि डॉक्टरही बरोबर आहेत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय.

दोन वर्षांच्या निरोगी मुलींच्या उंचीत आपसात फार फरक नसतो. मुलं मधल्या उंचीपासून साधारण किती दूर पसरलेली असतात त्याचं माप म्हणजे एसडी. या वयात एक एसडी साधारण ३.२ सेंमी असते. पाचव्या वर्षी ती ४.७५ च्या आसपास जाते आणि मोठेपणी ६.५ च्या. दोन वर्षांची असताना ७.७ सेंमी मागे म्हणजे उणे २.४ एसडी. उणे २ च्या खाली गेलं की वाढ खुंटली असं धरतात, म्हणजे ती स्पष्टपणे त्या गटात होती. आज ७.६ मागे म्हणजे उणे १.६. ती त्याच रेषेवर चालत राहिली असती तर पाचव्या वर्षी तूट जवळपास ११.४ सेंमी झाली असती. सतत कमी खाणाऱ्या मुलांत नेमकं असंच होतं, तूट दरवर्षी रुंदावत जाते. तुमच्या मुलीची तूट रुंदावायची थांबली. या तीन वर्षांत ती २३.८ सेंमी वाढली आणि तक्त्यातली मधली मुलगी २३.७. जुनं कर्ज फिटलेलं नाही, पण त्यावर व्याज चढायचं थांबलं आहे.

हेच मोठेपणावर लावलं तर उणे २.४ वर राहिली असती तर उंची १४७ सेंमीच्या आसपास आली असती. उणे १.६ वर राहिली तर १५२ ते १५३. हा अंदाजच आहे, पण पाच सेंमीचा फरक छोटा नाही.

दिगंत, दुपटीचा ठोकताळा मुलींसाठी दीड वर्षाच्या आसपासचा आहे. मुली दोन वर्षांच्या होईपर्यंत अर्ध्याच्या पुढे गेलेल्या असतात. शिवाय मूल आपल्या रेषेवरच राहणार हे त्यात गृहीत आहे, आणि इथे रेषाच बदलली आहे. पण पहिली वर्षं सर्वांत नाजूक हे तुमचं म्हणणं खरं आहे. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ मध्ये दोन पेयं देऊन पाहिली होती. एकात प्रथिनं आणि जास्त कॅलरी होत्या, दुसऱ्यात प्रथिनं नव्हती आणि कॅलरीही कमी होत्या. पहिलं पिणारी मुलं तिसऱ्या वर्षी साधारण अडीच सेंमीने उंच निघाली. तीन वर्षांनंतर मात्र त्या पेयाने वाढीचा वेग बदलला नाही.

केतन७
पण मी लहानपणी कायम आजारी, वर्गात सगळ्यांत पुढे बसायचो. सतरा-अठराव्या वर्षी भराभर वाढलो. म्हणजे नंतरही भरून निघतं की!

मंदार_बालवाढ
केतन, तुमच्या बाबतीत वयात येणं लांबलं असावं. अन्न कमी पडलं की शरीर हाडांची घड्याळंही हळू चालवतं, त्यामुळे वाढायला पुढे जास्त वर्षं मिळतात. सायलीताईंच्या मुलीची परिस्थिती उलट होऊ शकते, आणि मला झिंकपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. उपासमारीतून एकदम भरपूर अन्नात आलेल्या मुली कधी कधी लवकर वयात येतात. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींमध्ये हे नोंदवलं आहे, निम्म्या मुलींना पाळी ११.६ वर्षांच्या आतच आली होती. हाडांच्या टोकांशी जिथून उंची वाढते त्या ग्रोथ प्लेट लवकर बंद झाल्या की मिळवलेले सेंटिमीटर शेवटी हातचे जातात. म्हणून रानजाई, वजन ठीक असताना ते वाढवायला जाऊ नये.

सायली_आई
हे कुणीच सांगितलं नव्हतं. कसं ओळखायचं?

मंदार_बालवाढ
दर सहा महिन्यांनी त्याच भिंतीला, अनवाणी, शक्यतो सकाळी उंची मोजा. या वयात वर्षाला साधारण सहा सेंमी अपेक्षित. आठ वर्षांच्या आत स्तनांची गाठ जाणवली, किंवा वाढीचा वेग अचानक उसळला, तर आनंदून थांबू नका, लगेच दाखवा. उलट वेग पाचच्या खाली राहिला तर थायरॉइड, सीलिॲक, मूत्रपिंड वगैरे तपासावं लागतं.

पावडरबद्दल. कॅलरी कमी पडतात तेव्हा शरीर प्रथिनं इंधन म्हणून जाळतं, आणि यकृत वाढीच्या हार्मोनला दाद देत नाही. हार्मोन भरपूर असतं, पण त्याच्या सांगण्यावरून तयार होणारं आयजीएफ-१ घसरतं आणि हाडांची टोकं मंदावतात. तुमच्या मुलीचं पोट भरतंय आणि वेग मधल्या मुलीइतका आहे, म्हणजे हा अडथळा आता दिसत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एकोणीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. त्यावर दिलेली पावडर उंचीत जात नाही.

झिंकचं थोडं अवघड आहे. शरीर त्याचा साठा ठेवत नाही. कमी पडलं की आधी वाढच थांबवतं, त्यामुळे रक्तातली पातळी बरी दिसूनही कमतरता असू शकते. जुलाबात ते भरपूर वाहून जातं. तेव्हा दिलं असतं तर उपयोग होता. आज ती नीट वाढतेय, म्हणून मी देणार नाही. आपल्या मनाने जास्त दिवस चालू ठेवलं तर तांब्याचं शोषण बिघडतं.

दिगंत
मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत ते, आत्ताच का पाहू नये? तेवढंच मनाला समाधान.

मंदार_बालवाढ
पाचव्या वर्षीचं चित्र पुढे पुष्कळ बदलतं. मी सात वर्षांच्या सुमारास किंवा आधी लक्षण दिसलं तर काढेन. काही सहकारी आत्ताच काढून ठेवतात, पुढे तुलनेला मिळावा म्हणून. तेही चूक नाही.

सायली_आई
मोजमापाची वही आजपासून सुरू करते. एक राहिलंच. आज ती उणे १.६ वर आहे, त्यातलं उपासमारीचं किती आणि जन्मदात्यांकडून आलेलं किती, हे कधी कळेल का?

मंदार_बालवाढ
आत्ता एका आकड्यावरून वेगळं करता येत नाही. पुढची दोन-तीन वर्षं रेषा आणखी वर गेली तर अजून भरून निघत होतं असं म्हणता येईल. तिथेच स्थिरावली तर दोन्ही शक्यता उरतात. सहा महिन्यांनी आकडा इथेच टाका.