वर्षअखेरच्या एंट्रीज : भाडं, इन्शुरन्स, लाईट बिल (मदत हवी आहे)

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकला आमची इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी आहे. पार्टनरशिप फर्म, हिशोब मर्कंटाईलवर, टॅली मी बघते. सीएंकडे डेटा द्यायच्या आधी 31 मार्चच्या एंट्रीज करून ठेवायच्या आहेत.

ऑफिसचं भाडं तीन महिन्यांचं आगाऊ जातं. 1 फेब्रुवारीला 81,000 दिले, त्यात एप्रिलही आला. फेब्रुवारीपासूनच भाडं 25,000 वरून 27,000 झालं. इन्शुरन्सचे 38,400 (जीएसटी सोडून) 28 जुलैला भरले, पॉलिसी 1 ऑगस्ट ते 31 जुलै. लाईट बिलाचं रीडिंग दर महिन्याच्या 12 तारखेला होतं. 12 मार्चपर्यंतचं 5,460 चं बिल 5 एप्रिलला भरलं, आणि 13 मार्च ते 12 एप्रिलचं 6,200 चं नुकतंच आलंय.

गोंधळ असा की ट्रायल बॅलन्समध्ये मागच्या वर्षीचे आकडे अजून तसेच बसलेत: प्रीपेड इन्शुरन्स 12,000, प्रीपेड भाडं 25,000 आणि लाईट बिल देणं 8,450. इन्शुरन्सचे यंदाचे प्रीपेड 12,800 येतात, मग फक्त वरच्या 800 ची एंट्री केली तर चालेल का?

सातपूरवाला
लाईट बिलात एवढं डोकं नको लावू. मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं, पूर्ण 6,200 देणं दाखव. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालतं.

जमानावे
800 ची एंट्री केलीत तरी खर्च बरोबरच येतो, 37,600. पण पुढच्या वर्षी 12,800 कुठून आले असं कुणी विचारलं तर त्या 800 वरून उत्तर सापडणार नाही. म्हणून आधी जुनं रिकामं करा: इन्शुरन्स खर्च नावे 12,000, प्रीपेड जमा 12,000. मग नवं बसवा: प्रीपेड नावे 12,800, खर्च जमा 12,800. पहिली एंट्री खरं तर 1 एप्रिललाच व्हायला हवी होती. ती राहिली की खर्च कमी दिसतो आणि ताळेबंदात संपलेल्या पॉलिसीचे पैसे लोळत राहतात. पडताळा सोपा आहे: जुन्या पॉलिसीचे चार महिने 3,000 ने, नव्या पॉलिसीचे आठ महिने 3,200 ने. महिने पॉलिसीच्या तारखेपासून मोजा, 28 जुलैपासून नाही.

भाड्याचंही तसंच. भरलेले 3,06,000, त्यात जुने 25,000 मिळवा आणि एप्रिलचे 27,000 वजा करा. 3,04,000 आले पाहिजेत.

सातपूरवाल्यांचं लाईट बिलाबाबत निम्मं बरोबर. 5,460 चं बिल पूर्ण मार्चच्या आतलं आहे, ते सगळं देणं. दुसऱ्या बिलातले 31 पैकी 19 दिवसच मार्चचे, म्हणजे 3,800. देणं झालं 9,260. आणि जुने 8,450 खर्चातून वजा करायला विसरू नका. नाहीतर गेल्या वर्षीचं बिल पुन्हा यंदाच्या खर्चात बसतं.

गंगापूररोडकर
खूप आभार! लाईट बिलाचे वर्षभरात 68,900 भरलेत. म्हणजे 8,450 वजा करून 9,260 मिळवले की 69,710, बरोबर ना?

जमानावे
बरोबर.

इंदिरानगर_४२
आम्हाला महावितरणचं जादा सुरक्षा ठेवीचं बिल आलं होतं, ते मी प्रीपेडमध्ये टाकलं. आता दर महिन्याला किती खर्चात घेऊ?

जमानावे
काहीच नाही. ती ठेव आहे, कनेक्शन बंद केलं की परत मिळते. डिपॉझिटच्या लेजरला न्या. तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवा धागा काढलात तर बरं.

टॅलीबहाद्दर
ताई, टॅलीमध्ये `Reversing Journal` आहे ना! त्यात टाका, 1 एप्रिलला आपोआप उलटी एंट्री पडेल, दरवर्षीची कटकट मिटली.

जमानावे
पडत नाही. ते व्हाउचर हिशोबात बसतच नाही, सिनॅरिओ लावून रिपोर्ट पाहिला तरच दिसतं. साध्या नफा-तोट्यात खर्च होता तसाच राहील. `F7` दाबून साधं जर्नल टाका, आणि 1 एप्रिलची उलटी एंट्री आत्ताच हाताने करून ठेवा.

सातपूरवाला
तरी माझा मुद्दा राहतोच. एप्रिलमध्ये उन्हामुळे एसी दिवसभर चालतात, मार्चच्या मधल्या दिवसांत तेवढे नाही. दिवसांवरून भागले की मार्चच्या डोक्यावर एप्रिलची वीज पडते. मग 3,800 तरी बरोबर कसे?

जमानावे
हे मान्य. 31 तारखेच्या संध्याकाळी मीटरचा फोटो काढून ठेवला असता तर युनिटवरून विभागणी झाली असती. अर्थात स्थिर आकार तेव्हाही दिवसांवरच वाटावा लागतो. फोटो नसेल तर दिवसांवरचा आकडाच धरा आणि नॅरेशनमध्ये बिलाचा कालावधी लिहा.

गंगापूररोडकर
फोटो नाही. पार्टनर म्हणतात 3,800 साठी वेगळी एंट्री कशाला, सोडून दे. मी टाकतेय, पुढचं सीए ठरवतील.

सातपूरवाला
सीए पण सोडून दे म्हणतील, बघ.