ऑफर स्वीकारताना मेलमध्ये काय काय लिहिलंत? अनुभव सांगा

सांजवारा: काल भाचीचा फोन, "मावशी, ऑफर आली, मी फोनवर हो म्हणून टाकलं!" मला माझं जुनं आठवलं. फोनवर सीनियर अकाउंटंट ठरलं, पत्रात नुसतं अकाउंटंट. एचआरच्या बाई म्हणाल्या, "जॉइन व्हा, दुरुस्त करून देते." मी रुजू झाले तोवर त्याच नोकरी सोडून गेल्या होत्या. नवीन माणूस पत्राबाहेरचं कशाला मानेल? म्हणून रात्री भाचीला मेल लिहायला बसवलं:

"ऑफर स्वीकारते. ठरल्याप्रमाणे पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, वार्षिक सीटीसी 7,20,000, पैकी 72,000 व्हेरिएबल, रुजू होण्याची तारीख 1 जुलै. मार्कशीट आणि तीन पगारस्लिपा जोडल्या आहेत. रिलीव्हिंग लेटर आधीच्या कंपनीतला हिशेब पूर्ण झाल्यावर मिळेल. तोवर राजीनामा मंजूर झाल्याची मेल चालेल का, कृपया कळवावे."

पेरूची फोड: छान. पण पत्रावर सही करून स्कॅन पाठवला की पुरे ना? आणि महिना 60 हजार हातात, मस्तच!

जुनी फाईल: सही पुरते, पण पत्रात जे छापलंय तेवढ्यालाच. तोंडी ठरलेलं वेगळं असेल तर सहीआधी पत्र बदलून घ्यायचं. आणि 60 हजार नाही हो. सीटीसी म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा एकूण खर्च, हातातला पगार नव्हे. व्हेरिएबलचे 72,000 वेगळे काढा. बेसिक वर्षाला 3 लाख आणि पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर धरला, तर कंपनीचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटी 14,430. उरले 6,11,970, म्हणजे महिना साधारण 51,000. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 49,000च्या आसपास. पगाराची फोड मागवून घ्या, व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळतं तेही विचारा.

पेरूची फोड: अरे बापरे. माझ्या लेकाला आत्ताच पाठवते हे.

डोंबिवली फास्ट नाही: माझं रिलीव्हिंग लेटर चार महिने अडवलं होतं. लॅपटॉपचा चार्जर जमा झाला नाही म्हणे! मी केलेला, पोचपावती घेतली नव्हती. नव्या कंपनीला आधीच मेलवर कळवून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

माईचा पोळपाट: आमच्या वेळी नेमणुकीचं पत्र पोस्टाने यायचं. यांचं आलं तेव्हा पोस्टमनला पेढे दिले होते. पोळ्या करतेय, नंतर लिहिते.

डोंबिवली फास्ट नाही: माई, पेढ्यांवर वेगळा धागा काढा!

नवखा: राजीनामा आधी द्यायचा की त्यांचं उत्तर आल्यावर? माझी नोटीस 60 दिवसांची आहे, ते 45व्या दिवशी या म्हणतात.

जुनी फाईल: उत्तर आल्याशिवाय देऊ नका. आणि नोटीसच्या उरलेल्या 15 दिवसांचे पैसे, म्हणजे बायआउट, कोण भरणार, तेही त्याच मेलमध्ये विचारा.

पेरूची फोड: पण उत्तराची वाट बघत ऑफरची मुदतच संपली तर?

सांजवारा: भाचीला आत्ता उत्तर आलं. पद आणि तारीख कन्फर्म. रिलीव्हिंग लेटरबद्दल अवाक्षर नाही. तेवढंच विचारायला पुन्हा मेल टाकतोय.