दहा मिनिटांचा डेमो पाठ: कशाला किती वेळ?

नवी_बाई: शनिवारी एका खासगी शाळेत मुलाखत आहे. पाचवीचा 'अपूर्णांकांची तुलना' दहा मिनिटांत घ्यायचाय. मुलं नसणार, पॅनेलच मुलं होऊन बसेल. उद्दिष्ट, कृती आणि पडताळणी कशी बसवू?

गणित_मास्तर: एवढंच धरा: अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता ते मूल कारणासकट सांगेल. टाचणात 'तुलना समजेल' लिहिलंत तर शेवटी तपासणार काय?

सुरुवातीलाच फळ्यावर '१/४ मोठा की १/८?' लिहा, हात वर करायला लावा, उत्तर सांगू नका. आठ मोठा म्हणून १/८ मोठा, असं म्हणणारी मुलं असतातच. मग पाचेक मिनिटं कागदाच्या पट्ट्या. एकीला घड्या घालून चार भाग, दुसरीला आठ, एकेक भाग रंगवून पट्ट्या एकाखाली एक धरायच्या. १/३ च्या नादी लागू नका, तीन सारखे भाग पाडतानाच वेळ जातो.

सातव्या मिनिटाला पट्ट्या बाजूला. '१/५ की १/६? का?' प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं.

खडूफळा: इतका खटाटोप कशाला? पॅनेल आवाज आणि फळ्यावरचं अक्षर बघतं. उद्दिष्ट आधीच फळ्यावर लिहा, शेवटी 'समजलं का?' विचारा, झालं.

गणित_मास्तर: आवाज, अक्षर बघतात, खरंय. पण 'समजलं का?' म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात 'हो बाई' म्हणतो. आणि 'छेद मोठा तर भाग लहान' हे आधीच फळ्यावर आलं तर पट्ट्या कशासाठी दुमडायच्या?

विदर्भकर: आमच्या बीएडला ३५ मिनिटांचा पाठ असायचा, प्रस्तावनेलाच पाच मिनिटं. मी मुलाखतीतही तसंच केलं. कृती सुरू झाली न झाली, तोच 'थांबा' म्हणाले. तुमच्याकडे मुलं किती असतील?

नवी_बाई: मुलं नाहीतच हो, वर लिहिलंय. पण पडताळणी सातव्याच मिनिटाला का? शेवटी घेतली तर?

गणित_मास्तर: पॅनेलमधलं कुणीतरी मुद्दाम '१/६' लिहितंच. नवव्या मिनिटाला ते कळलं तर तुम्ही फक्त 'चूक' म्हणू शकता. सातव्याला कळलं तर विचारता येतं: 'एक भाकरी पाच जणांत वाटली आणि तशीच दुसरी सहा जणांत, तर जास्त कुणाच्या वाट्याला?' पुढे लगेच '१/९ की १/१०?' देऊन बघा. तेही चुकलं, तर अडचण कुठे आहे ते कळतं.

शंकासूर: मी पॅनेलवर असतो तर विचारलं असतं: मोठ्या भाकरीचा १/८ आणि छोटीचा १/४, तर?

गणित_मास्तर: म्हणूनच पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात, आणि ते तोंडाने सांगायलाही हवं. बहुतेक जण इथेच अडकतात.

खडूफळा: मला अजूनही वाटतं, उद्दिष्ट न लिहिणं धोक्याचं. काही मुख्याध्यापक फळ्यावर तेच आधी शोधतात.

नवी_बाई: मग फळ्यावर विषय आणि प्रश्न लिहिते, उद्दिष्ट टाचणात ठेवून टाचण आधीच त्यांच्या हातात देते. घड्या घालून बघितल्या, आठ भागांना पाऊण मिनिट लागलं.