बाबांचं गप्प राहणं

> "बाबा मनातलं कधीच बोलत नाहीत, म्हणजे आमच्या घरात भावना दाबायच्याच का?"

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी बाबा फोनवर फक्त "जेवला काय?" एवढंच विचारायचे. मी एकदा पुण्याहून म्हटलं, तुम्ही काही सांगत नाही, मला खूप टेन्शन येतं. तर एकदम गप्प. नंतर माय म्हणाली, "त्यायले वाटलं तू दोष देऊन रायला."

मानसशास्त्रज्ञ मार्कस आणि कितायामा यांनी १९९१ मध्ये दोन प्रकारचे 'मी' मांडले, एक 'मी' वेगळा सुटा, तिथं भावना सांगणं म्हणजे खरेपणा, आणि दुसरा 'मी' नात्यांत गुंतलेला. मला वाटतं, तिथं तीच भावना ऐकणाऱ्यावर ओझं होऊ शकते कारण त्यानं आता काहीतरी करायला पाहिजे. म्हणून बाबांचं न बोलणं मला ओझं न देणं होतं अन् मी ते दुरावा समजलो.

पुढं बटलर, ली आणि ग्रॉस या संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोगातून दाखवलं की भावना दाबल्यानं संवाद बिघडतो, पण आशियाई मूल्यं जास्त मानणाऱ्या बायकांत तो कमी बिघडतो. मात्र त्यात बोलायला बसवलेल्या जोड्या एकमेकींना अनोळखी बायकांच्या होत्या, बापलेकाच्या नाही.

आणि माणूस जेवण सोडत असेल, रात्रभर जागत असेल, पारावर जाणंच बंद केलं असेल तर त्याला संस्कृती म्हणू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

आता मी सरळ विचारत नाही, धुऱ्यावर सोबत चालतो अन् डवरणीचं काढतो. कर्जाचं ते तिथं स्वतःच बोलले.