जर्मनीचा ओ-पेअर व्हिसा : यजमान नात्यातले असले तर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. माझ्या लहान बहिणीला (वय 22, लग्न झालेलं नाही, जर्मन ए-1 पास) जर्मनीतल्या एका कुटुंबाने वर्षभरासाठी ओ-पेअर म्हणून, म्हणजे त्यांच्या घरी राहून मुलं सांभाळायला आणि भाषा शिकायला, बोलावलं आहे. घरची बाई जन्माने जर्मन, नवरा यवतमाळचा. म्हणजे घरात एक तरी मोठा माणूस जर्मन मातृभाषेचा हवा, ही अट बसते. पण तो नवरा आमच्या आईच्या चुलत बहिणीचा मुलगा आहे आणि ओ-पेअर यजमानांच्या नात्यातली नसावी असंही वाचलं. आमची खरी अडचण हीच.

करारात आठवड्याला 30 तास, महिन्याला 280 युरो हातखर्च आणि भाषावर्गासाठी 70 युरो लिहिलेत. विमाही तेच भरणार. झोपायची सोय मात्र "मुलीच्या खोलीत" लिहिली होती. स्वतंत्र खोली लागते, म्हणून ते बदलून मागितलंय.

नागपूरच्या एका एजंटने "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" असं सुचवलं. आम्ही नाही म्हटलं, कारण आपल्याला ओ-पेअरचा व्हिसा इथूनच घेऊन निघावं लागतं. नातं लपवून अर्जही करायचा नाही.

कोणी या वाटेने गेलंय का? इतकं लांबचं नातं धरतात का, आणि ते अर्जासोबतच्या पत्रात आधीच लिहावं की मुलाखतीत विचारल्यावर सांगावं?